‘चालू दराने पाठवा’ म्हणजे नेमके किती? परदेशी बिलाच्या मेलमध्ये दर आणि बँक चार्जेस कसे लिहावेत

प्रश्न: आमचं कोल्हापुरात चप्पल लाइनला दुकान आहे. लेस्टरमधल्या एका मराठी दुकानदाराला २४० जोड कापशी चपला पाठवल्या, बिल ४,२०० डॉलर. त्या दिवशी गुगलवर डॉलर ८८ रुपये होता, म्हणजे ३,६९,६०० यायला हवे होते. खात्यात आले ३,६४,००७. ते दुकानदार दादा म्हणतात, त्यांनी ३,२०६.११ पाउंड पाठवले. आमच्या बँकेच्या कागदावर ३,१९१.११ पाउंड आणि दर ११४.२० दिसतो. बिलासोबत मी मेल केला होता: ‘नमस्कार दादा, बिल सोबत जोडलंय. रक्कम चालू दराने लवकर पाठवावी. बँक चार्जेस वेगळे.’ पुढचं ४,५५० डॉलरचं बिल या आठवड्यात जायचंय. मेल कसा लिहू? आणि राहिलेले ५,५९३ रुपये मागू का?

उत्तर: आधी ते ५,५९३ रुपये कुठे गेले ते बघू, कारण मेलमध्ये काय लिहायचं हे त्यातूनच ठरतं. ही रक्कम एका ठिकाणी गेलेली नाही. चार ठिकाणी थोडी थोडी गेली आहे, आणि त्यातली प्रत्येक रक्कम दादांकडून मागण्यासारखी नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी रक्कम म्हणजे गुगलचा दर आणि बँकेचा खरेदी दर यातला फरक. गुगलवर दिसतो तो बाजारातला मधला दर. त्या दराने तुमच्याकडून कुठलीच बँक डॉलर घेत नाही. बँकेच्या दरपत्रकात ‘टीटी बाइंग’ नावाचा रकाना असतो, निर्यातदाराला मिळतो तो दर तिथला. त्या दिवशी तो ८७.४० होता असं धरू. दादांनी चोख ४,२०० डॉलर पाठवले असते तरी तुमच्या हातात ३,६७,०८० आले असते. म्हणजे २,५२० रुपये सुरुवातीलाच तुमच्या आणि तुमच्या बँकेमधले. त्यात दादांचा काडीचाही संबंध नाही. यावर घासाघीस करायची तर ती शाखेत जाऊन करा. वर्षाला चार-सहा बिलं येत असतील तर दरपत्रकापेक्षा थोडा बरा दर मागता येतो, आणि न मागता तो कुणी देत नाही.

दुसरी रक्कम गेली ती बिल डॉलरचं असताना पैसे पाउंडात आल्यामुळे. दादांनी ‘चालू दर’ वाचला, गुगलवर १ पाउंड बरोबर १.३१ डॉलर बघितलं, ४,२०० ला १.३१ ने भागलं आणि ३,२०६.११ पाउंड पाठवले. त्यांच्या दृष्टीने हिशोब चोख आहे. पण आपल्याकडच्या बँका पाउंडावर सहसा डॉलरपेक्षा जास्त फरक ठेवतात, कारण डॉलरची उलाढाल मोठी असते. ३,२०६.११ गुणिले ११४.२० केले की ३,६६,१३८ होतात. डॉलर आले असते त्यापेक्षा ९४२ कमी.

तिसरी रक्कम वाटेतली. निघाले ३,२०६.११ पाउंड, पोचले ३,१९१.११. मधल्या बँकेने १५ पाउंड कापले, म्हणजे १,७१३ रुपये. चौथी रक्कम ४१८ रुपयांची, चलन बदलून देण्याच्या सेवेवरचा जीएसटी. याचं सूत्र नियमातच ठरलेलं आहे. रक्कम १ लाख ते १० लाखांच्या मधली असेल तर १,००० रुपये अधिक १ लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का एवढं सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात. तुमच्या ३,६४,४२५ रुपयांवर ते मूल्य २,३२२ येतं आणि कर ४१८. हाही तुमचाच खर्च, मेलमध्ये आणायचं कारण नाही.

म्हणजे मेल नीट असता तर दुसरी आणि तिसरी रक्कम वाचली असती, मिळून २,६५५ रुपये. उरलेले २,९३८ कसाही मेल लिहिला असता तरी गेलेच असते. हे आधी मनाशी पक्कं करा, नाहीतर पुढच्या मेलमध्ये गुगलच्या दराची अपेक्षा धरून बसाल आणि दादांशी विनाकारण वाजेल.

आता तुमचा मेल. ‘चालू दराने’ या शब्दांत तीन गोष्टी उघड्या राहिल्या आहेत: कुणाचा दर, कुठल्या दिवशीचा, आणि मुळात दर लावायचाच कशाला. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. बिल डॉलरमध्ये आहे आणि पैसेही डॉलरमध्येच यायचे असतील तर दादांना तुमच्याकडून कुठलाच दर कळायची गरज नाही. त्यांचं खातं पाउंडात आहे म्हणून त्यांनी पाउंडच पाठवले पाहिजेत असं नाही. तिथल्या बँकेच्या स्क्रीनवर परदेशी पेमेंट करताना कुठल्या चलनात पाठवायचं हे निवडता येतं. त्यांनी डॉलर निवडून ४,२०० टाकले की त्यांच्या खात्यातून किती पाउंड वजा करायचे ते त्यांची बँक तिच्या विक्री दराने ठरवते. तो फरक त्यांचा. तुमच्या बँकेचा खरेदी दर तुमचा. ज्याची बँक त्याचा फरक, इतकी सरळ वाटणी आहे. तुम्ही ‘दराने पाठवा’ लिहिलंत, म्हणून दादा बिचारे दर शोधत बसले.

दुसरा एक दर तुमच्या बिलावर आधीच छापलेला असेल, तो म्हणजे कस्टम्सने जाहीर केलेला दर. मालाच्या निर्यातीचं रुपयांतलं मूल्य जीएसटीसाठी आणि शिपिंग बिलासाठी, म्हणजे कस्टम्सकडे द्यायच्या निर्यातीच्या कागदासाठी, त्या दराने काढतात. त्याचा पेमेंटशी काही संबंध नसतो. पण बिलावर नुसतं ‘विनिमय दर’ लिहून खाली रुपयांचा आकडा दिला की खरेदीदाराला वाटतं, एवढे रुपये पोचवायचे आहेत. काहीजण मग खरोखर एखाद्या ॲपवरून तेवढे रुपये पाठवून मोकळे होतात आणि निर्यातीची कागदपत्रं जुळवताना तुमची दमछाक होते. म्हणून त्या ओळीशेजारी ‘फक्त कर आणि कस्टम्ससाठी’ असं लिहा, आणि मेलमध्ये तो आकडा आणूच नका.

‘बँक चार्जेस वेगळे’ हे वाक्य तर कामाचंच नाही. वेगळे म्हणजे कुणी द्यायचे? दादांनी त्यांच्या बँकेची फी वेगळी भरली असणार आणि आपण सांगितल्याप्रमाणेच केलं असं त्यांना वाटत असणार. परदेशी पेमेंटच्या फॉर्मवर याचे तीन ठरलेले पर्याय असतात. OUR निवडलं की वाटेतला सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. SHA निवडलं की पाठवणारा फक्त त्याच्या बँकेची फी देतो, पुढचं सगळं तुमच्या रकमेतून कापलं जातं. BEN मध्ये सगळंच तुमच्या रकमेतून जातं. काहीच निवडलं नाही तर बहुतेक ठिकाणी SHA धरलं जातं. तुमच्या बाबतीत तेच झालेलं दिसतंय. खात्री करायची असेल तर तुमच्या बँकेला आलेल्या पेमेंटची स्विफ्ट प्रत, म्हणजे बँकांमधल्या त्या पेमेंट संदेशाची नक्कल, शाखेतून मागवा. तिच्यात साधारण असं दिसेल:

```
:32A:251009GBP3191,11
:33B:GBP3206,11
:71A:SHA
:71F:GBP15,00
```

33B ही दादांनी पाठवायला सांगितलेली रक्कम, 32A ही प्रत्यक्ष पुढे सरकलेली. 71A मध्ये खर्च कुणाचा ते, आणि 71F मध्ये वाटेत किती कापले ते. नव्या पद्धतीच्या प्रतीत रकान्यांची नावं बदलली आहेत. तिथे SHA ऐवजी SHAR आणि OUR ऐवजी DEBT दिसतं, अर्थ तोच. 33B आणि तुमच्या बँकेच्या कागदावरची रक्कम सारखी असूनही रुपये कमी आले, तर वाटेत काही कापलेलं नाही, विचारायचं ते तुमच्या शाखेला. इथे १५ चा फरक प्रतीतच दिसतोय, त्यामुळे शाखेशी भांडून उपयोग नाही.

OUR लिहिलं म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. क्वचित एखादी मधली बँक तरीही काही कापते. शिवाय OUR मध्ये तुमच्या बँकेचे कोल्हापुरातले चार्जेस, चलन बदलण्यातला फरक आणि वरचा जीएसटी येतो असं गृहीत धरू नका. त्यामुळे मेलमध्ये दोन्ही बाजूंच्या खर्चाची हद्द लिहायची: तुमच्या बँकेच्या दारापर्यंतचा खर्च दादांचा, दाराच्या आतला तुमचा. आणि OUR असूनही कमी आले तर काय करायचं, हेही एका वाक्यात सांगून ठेवायचं.

एक गोष्ट तपासून घ्या. काही दुकानदार बिलावर रोजच्या व्यवहाराचं, म्हणजे नागरी सहकारी बँकेतलं खातं देतात. त्या बँकेला परकीय चलनाचा स्वतःचा परवाना नसेल तर पैसे आधी दुसऱ्या बँकेत उतरतात, तिथून फिरून येतात, आणि वाटेत आणखी एक कात्री लागते. कस्टम्सकडे ज्या बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेचा क्रमांक, नोंदवलाय, शक्यतो त्याच बँकेचं खातं बिलावर असावं.

पुढच्या बिलासोबतचा मेल मी असा लिहीन:

> विषय: बिल केसी/२२, २६० जोड कापशी, ४,५५० अमेरिकन डॉलर, पेमेंटचा तपशील
>
> नमस्कार दादा,
>
> माल काल कुरिअरकडे दिला, बिल आणि पॅकिंग लिस्ट सोबत आहे. २६० जोड, दर १७.५० डॉलर, एकूण ४,५५० अमेरिकन डॉलर.
>
> पेमेंट अमेरिकन डॉलरमध्येच पाठवावं, पाउंडात नको. तुमच्या खात्यातून किती पाउंड वजा होतील ते तुमची बँक तिच्या दराने ठरवेल. आमच्याकडे रुपये किती होतील तो आमचा प्रश्न. बिलावर रुपयांत दिसणारा आकडा फक्त इथल्या कर आणि कस्टम्ससाठी आहे, पेमेंटसाठी तो धरू नये.
>
> बँकेच्या खर्चाबद्दल: आमच्या बँकेत पूर्ण ४,५५० डॉलर पोचतील असं बघावं. तुमच्या बँकेची फी आणि वाटेतल्या बँकांचे चार्जेस तुमच्याकडे. आमच्या बँकेची फी, रुपये करताना पडणारा फरक आणि त्यावरचा कर आमच्याकडे. त्यासाठी पेमेंट करताना स्क्रीनवर एवढं निवडावं:
>
> ```
> Currency  : USD
> Amount    : 4550.00
> Charges   : OUR
> Reference : KC/22
> ```
>
> OUR निवडूनही पोचलेली रक्कम कमी असेल तर मी आमच्या बँकेचा कागद पाठवेन. तुम्ही तुमच्या बँकेतून स्विफ्ट प्रत मागवावी. वाटेत कापलेली रक्कम पुढच्या पेमेंटसोबत पाठवावी, वेगळं पेमेंट नको.
>
> डॉलरमध्ये पाठवणं किंवा OUR अडचणीचं असेल तर पैसे पाठवण्याआधी मला कळवा, काहीतरी मार्ग काढू. पैसे बिलाच्या तारखेपासून १५ दिवसांत आमच्या बँकेत जमा व्हावेत.
>
> बँकेचे तपशील मागच्या बिलावर होते तेच आहेत. ते बदलल्याचा मेल माझ्या नावाने आला तर आधी फोन करून खात्री करा.
>
> कळावे,

मेल लांब झालाय, पण त्यातली प्रत्येक ओळ कुठल्यातरी फोनचं काम वाचवते. नमस्कार, दादा, माल कधी निघाला हे सगळं तसंच राहू द्या, पाहुण्यारावळ्यांसारखं नातं असेल तर कोरडं लिहायची गरज नाही. फक्त पैशाच्या वाक्यात ‘साधारण’, ‘शक्यतो लवकर’, ‘चालू’, ‘वेगळे’ हे शब्द येऊ देऊ नका. स्क्रीनवर निवडायचं ते वेगळं, जसंच्या तसं दिलंय, कारण पेमेंट बऱ्याचदा दादा स्वतः करत नाहीत. त्यांचा हिशोबनीस करतो आणि त्याला मराठी येईलच असं नाही.

ही वाटणी बिलावरही एका ओळीत छापून घ्या, आणि खरं तर ऑर्डर घेतानाच सांगा. माल निघाल्यावर पहिल्यांदा OUR म्हटलं की समोरचा म्हणू शकतो, भाव ठरवताना हे नव्हतं. त्याचं म्हणणं चूकही नाही. पोच कुठे द्यायची यावर, म्हणजे एक्सवर्क्स की एफओबी यावर, बँकेचा खर्च आपोआप ठरतो असं काहीजण समजतात. त्या अटी मालाच्या वाहतुकीच्या आणि जोखमीच्या, बँक चार्जेसबद्दल त्या काही सांगत नाहीत.

दादा OUR ला नाही म्हणाले तर? त्यांची बँक OUR साठी जास्त फी घेत असेल आणि त्यांना ते टोचत असेल, हे शक्य आहे. चार-साडेचार हजार डॉलरच्या बिलासाठी मी तिथे ताणून धरणार नाही. SHA मान्य करा आणि पुढच्या ऑर्डरपासून भावात सामावून घ्या. १५ पाउंड म्हणजे साधारण वीस डॉलर, २४० जोडांवर वाटले की जोडीमागे ८ सेंट. १७.५० ऐवजी १७.६० भाव लावला की विषय संपतो. मात्र तयार झालेल्या बिलावर नंतर ‘बँक चार्जेस २० डॉलर’ अशी ओळ घालू नका. शिपिंग बिल एका रकमेचं आणि बिल दुसऱ्या रकमेचं झालं की बँकेत जुळणी करताना प्रश्न येतात.

आणि त्यांना डॉलर पाठवताच येत नसतील, पाउंडच पाठवायचे असतील, तर मात्र दर लिहावाच लागतो. मग तो असा लिहा की दोघांनी वेगवेगळं बसून काढला तरी आकडा एकच आला पाहिजे. माझी पसंती एफबीआयएलच्या संदर्भ दराला. २०१८ पासून रिझर्व्ह बँकेऐवजी ही संस्था डॉलर, पाउंड, युरो आणि येन यांचे रुपयातले संदर्भ दर जाहीर करते. मुंबईच्या कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास दर येतात, तेव्हा लेस्टरमध्ये सकाळ असते, त्यामुळे दादांना त्याच दिवशी वापरता येतात. मेलमध्ये वाक्य असं:

> पाउंडात पाठवायचं असल्यास: बिलाची डॉलरमधली रक्कम गुणिले डॉलरचा दर, भागिले पाउंडाचा दर. दोन्ही दर पेमेंट करण्याच्या दिवशीचे एफबीआयएल संदर्भ दर. त्या दिवशी मुंबईत सुट्टी असेल तर आदल्या कामकाजाच्या दिवसाचे. उत्तर दोन दशांशांपर्यंत.

डॉलर ८८.०० आणि पाउंड ११५.२८ असेल तर ४,५५० चे ३,४७३.२८ पाउंड होतात. पण लक्षात घ्या, हे गुगलच्या हिशोबाच्या जवळपासच असणार, कारण दोन्ही मधलेच दर आहेत. यातून वाद मिटतो, तुमचे ते ९४२ रुपये वाचत नाहीत. दादा नेहमी पाउंडच देणार असतील तर पुढचा भावच पाउंडात द्या, आणि बँकेचा पाउंडाचा खरेदी दर समोर ठेवून तो काढा.

काही निर्यातदार ऑर्डर आणि बिल यांच्यामध्ये रुपया अमुक टक्क्यांहून जास्त हलला तर भाव बदलेल, अशी अट घालतात. शिरोलीतल्या फाउंड्रीला वर्षभराच्या कराराला ती लागते. महिन्याभरात निघणाऱ्या चपलांना नको. भाव किती दिवस लागू आहे एवढं लिहिलं की पुरे.

आता राहिलेल्या पैशांचं. ५,५९३ मागू नका, २,६५५ ही मागू नका. मेलमध्ये लिहिलं नव्हतं ते आता मागणं बरं दिसत नाही. फार तर १५ पाउंड वाटेत कापले गेले एवढं दादांच्या कानावर घाला आणि शाखेतून स्विफ्ट प्रत मागा. ती प्रत तुम्हाला वेगळ्या कारणासाठी लागणारच आहे. शिपिंग बिल ४,२०० डॉलरचं आहे आणि आले पाउंड, तेही कमी. बँकेला रिझर्व्ह बँकेच्या निर्यात नोंदीत, म्हणजे ईडीपीएमएसमध्ये, हे शिपिंग बिल बंद करायचं आहे. तूट परदेशी बँकेच्या चार्जेसमुळे आहे हे प्रतीवरून दाखवता आलं तर शाखेतलं काम सोपं होतं. बिल, बँकेचा कागद आणि ती प्रत एकत्र जोडून अर्ज द्या. नंतर शिपिंग बिल खरंच बंद झालं का तेही विचारा, कारण उघडी राहिलेली बिलं पुढे अडचणीच्या वेळीच वर येतात.

दादांनी स्वतःहून ते १५ पाउंड पुढच्या पेमेंटसोबत पाठवले, तर पैसे येतील त्याच दिवशी शाखेला लेखी कळवा की यातले इतके केसी/२२ चे आणि इतके मागच्या बिलाचे. एक आवक दोन शिपिंग बिलांवर वाटता येते, पण सांगितलं नाही तर सगळी रक्कम एकाच बिलावर चढते.